अप्पांना लिहिलेलं पत्र आणि चार लाखांची मुदत ठेव

माझे वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. मे 2022 मध्ये अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झाले. भविष्य निर्वाह निधी, उपदान, निवृत्तिवेतनाच्या अंशराशीकरणाचे पैसे आणि आधीची शिल्लक असे मिळून तीस लाख रुपये त्यांनी मुदत ठेवीत ठेवले. एकूण नऊ पावत्या होत्या. एकवीस लाख एका बँकेत, सहा लाख दुसऱ्या बँकेत आणि तीन लाख गावातल्या पतसंस्थेत. पावत्या प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी कपाटात आणि प्रत्येक पावतीची मुदत कधी संपते ते हिशोबाच्या वहीत.

यातले थोडे पैसे म्युच्युअल फंडात हलवायला त्यांना तयार करायचं आणि मग ते प्रत्यक्ष हलवायचे, याला मला 2024 च्या दिवाळीपासून एप्रिल 2025 पर्यंतचा वेळ लागला. आई-वडिलांशी हे बोलायचं कसं आणि बोलून झाल्यावर नेमकं करायचं काय, या दोन्ही ठिकाणी मी अडले होते. म्हणून सगळं क्रमाने लिहून ठेवते आहे.

दिवाळीत मी पहिल्यांदा विषय काढला तो अगदी चुकीच्या पद्धतीने. मोबाइलवर एका फंडाचा दहा वर्षांचा आलेख उघडला आणि म्हटलं, "अप्पा, हे बघा, इथे ठेवले असते तर आज किती झाले असते!" सप्टेंबरअखेर निफ्टी सव्वीस हजारांवर गेला होता आणि दिवाळीपर्यंत बराच खाली आला होता. अप्पा रोज पेपर वाचतात. ते एवढंच म्हणाले, "महिन्याभरात किती पडला तेही दाखव की." नंतर हळूच म्हणाले, "माझे एकदा अडकलेत."

ते कसे अडकले ते मला आईने सांगितलं. 2001 साली घरोघरी असलेल्या एका मोठ्या युनिट योजनेने जुलै महिन्यात पैसे परत देणं सहा महिन्यांसाठी थांबवलं. अप्पांचे वीस हजार त्यात होते आणि त्याच हिवाळ्यात आत्याचं लग्न होतं. पैसे पुढे मिळाले, पण लग्न उसनवारीवर झालं. तेव्हापासून 'युनिट' हा शब्द आमच्या घरात कुणी काढला नाही. मी आलेख दाखवत होते आणि ते त्या हिवाळ्याबद्दल बोलत होते, हे मला तेव्हा कळलं.

समोरासमोर बोललं की आमचा आवाज चढतो. म्हणून पत्र लिहायचं ठरवलं. पहिला मसुदा परताव्याच्या आकड्यांनी भरला होता, तो फाडला. दुसऱ्यांदा लिहायच्या आधी अप्पांची हिशोबाची वही मागून घेतली. "बघायची आहे" एवढंच सांगितलं. त्यांनी दिली, आणि मला वाटतं त्यांना बरंही वाटलं.

वहीत 2009 साली घरखर्च महिन्याला सरासरी 9,400 रुपये होता. 2024 मध्ये तो 27,000 झाला होता. माणसं तीच चार. पंधरा वर्षांत खर्च वर्षाला साधारण सव्वासात टक्क्यांनी वाढला होता. यात थोडा फरक राहणीमानाचाही आहे, कारण 2009 मध्ये घरात इंटरनेट नव्हतं आणि रक्तदाबाच्या गोळ्याही नव्हत्या. पण अप्पांच्या मोठ्या ठेवीवर 7.1 टक्के व्याज होतं. म्हणजे ठेव वाढत होती, पण तिच्यातून येणारा किराणा तेवढाच राहत होता. हा आकडा मी कुठल्या लेखातून आणला असता तर अप्पांनी बाजूला ठेवला असता. तो त्यांच्याच अक्षरात होता.

एक मुद्दा मी मुद्दाम गाळला, तो कराचा. ठेवीचं व्याज करात जातं असं सगळीकडे लिहिलेलं असतं. अप्पांचं निवृत्तिवेतन आणि व्याज मिळून सव्वासात लाखांच्या आत येत होतं. प्रमाणित वजावट धरली की 2024-25 साली नव्या पद्धतीत त्यांना कर शून्य होता आणि व्याजातून कर कापू नये म्हणून त्यांनी त्या वर्षी बँकेत 15एच फॉर्म भरून दिला होता. जे त्यांना लागूच नाही ते सांगून पटवलं असतं, तर पुढचं काहीच त्यांनी खरं मानलं नसतं. तुम्ही असं पत्र लिहिणार असाल तर आधी वडिलांचा कर नीट मांडून बघा.

पत्र मी संक्रांतीला, 14 जानेवारीला, तिळगुळाबरोबर त्यांच्या हातात दिलं. त्यातला मधला भाग इथे देते.

"ती. अप्पा, सा. न.

तुम्ही मुदत ठेवी केल्या त्यात काही चुकलं असं मला म्हणायचं नाही. मला एवढंच विचारायचं आहे की या नऊ पावत्यांपैकी कोणती कशासाठी आहे? मी माझ्या अंदाजाने तीन वाटे केलेत, चुकले असतील तर दुरुस्त करा.

पहिला वाटा सहा लाखांचा. दवाखाना, अचानकचा खर्च. हा ठेवीतच राहावा. दुसरा नऊ लाखांचा. दादाचं लग्न, घराची गच्ची, पाच वर्षांच्या आत लागेल असं सगळं. हाही ठेवीतच राहावा, कारण पाच वर्षं शेअर बाजारासाठी पुरेशी नाहीत. उरतात पंधरा लाख. त्यांच्यापुढे तुमच्या वहीत काहीच लिहिलेलं नाही.

अप्पा, पुढचं लिहिताना हात थांबतो, पण लिहिते. तुम्हाला निवृत्तिवेतन आहे, महागाई भत्ता वाढतो, तुमचा महिना त्यातून भागतो. आई छप्पन्न वर्षांची आहे. निवृत्तिवेतन शेवटच्या मूळ वेतनाच्या निम्मं असतं आणि सुरुवातीचा वाढीव दराचा काळ सोडला तर कुटुंबनिवृत्तिवेतन तीस टक्के. आजीकडे बघून मी आईचं आयुष्य आणखी तीस वर्षांचं धरते. हे पंधरा लाख खरं म्हणजे तिच्या सत्तराव्या आणि ऐंशीव्या वर्षासाठी आहेत. इतक्या लांबच्या पैशाने महागाईच्या पुढे जायला हवं, आणि ठेव तिच्याबरोबर फक्त चालते.

माझी विनंती या पंधरांपैकी सहा लाखांची आहे. उरलेले नऊ आहेत तसेच.

काय वाईट होऊ शकतं तेही लिहिते. जानेवारी 2008 मध्ये सेन्सेक्स एकवीस हजारांवर होता. मार्च 2009 मध्ये तो आठ हजारांच्या जवळ होता. पुन्हा एकवीस हजार दिसायला नोव्हेंबर 2010 उजाडला. म्हणजे सहा लाखांचे अडीच लाख झालेले बघायला लागतील, आणि तसे ते वर्ष-दोन वर्षं राहतील, अशी वेळ येऊ शकते. ती येणारच नाही असं मी लिहून देऊ शकत नाही. त्या काळात आपल्याला ते पैसे लागणार नाहीत अशी व्यवस्था मात्र आपल्या हातात आहे, आणि ती म्हणजे पहिले दोन वाटे.

2001 चं मला आईने सांगितलं. तेव्हा त्या योजनेची किंमत संस्था स्वतः जाहीर करायची आणि आत ठेवलेल्या शेअर्सची खरी किंमत त्याहून कमी झाली होती. आता फंडातल्या मालमत्तेचं मूल्य दर कामकाजाच्या दिवशी काढून जाहीर करावं लागतं. त्यामुळे किंमत पडली तर पडलेली दिसते, रोज दिसते. ते बघणं सोपं नाही, पण ते झाकलेलं नसतं."

अप्पांनी पत्र देवघरासमोर बसून वाचलं, घडी घालून वहीत ठेवलं आणि दिवसभर त्यावर काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी मी पुण्याला निघायच्या आधी त्यांनी तीन गोष्टी विचारल्या. सगळे एकदम घालायचे का? आई सही कुठे करणार? आणि मुदत संपायच्या आत ठेव मोडली तर किती कापतात? होकार दिलाच नाही, पण या प्रश्नांत तो मला ऐकू आला.

ठेव मोडण्याचं गणित आम्ही कागदावर केलं. 10 मार्च 2025 ला एक ठेव आपोआप पूर्ण होत होती: 2023 साली ठेवलेले साडेतीन लाख, व्याजासह चार लाखांच्या थोडे वर. दुसरी दोन लाखांची होती, ती नोव्हेंबर 2025 ची. ती मार्चमध्ये मोडली असती तर ठरलेले सव्वासात टक्के मिळाले नसते. जितके महिने ठेवली तितक्या मुदतीचा, ठेव केली त्या दिवशीचा दर लागतो आणि त्यातून एक टक्का दंड जातो. आमच्या बाबतीत हाती पावणेसहा टक्क्यांच्या आसपास राहत होते, म्हणजे सोळा महिन्यांत जवळजवळ चार हजारांचं नुकसान. अप्पा म्हणाले, "नोव्हेंबरपर्यंत थांबायला काय झालं?" त्यांचं बरोबर होतं. म्हणून मार्चमध्ये चार लाख आणि नोव्हेंबरमध्ये दोन लाख असं ठरलं.

सगळ्यात जास्त वेळ केवायसीत गेला. खातं दोघांच्या नावे करायचं होतं, 'दोघांपैकी कोणीही' या पद्धतीने, त्यामुळे केवायसी आईचंही लागलं. आईचं चार दिवसांत झालं. अप्पांचं 22 जानेवारीला अडकलं आणि पडद्यावर KYC On Hold असं दिसायला लागलं. कारण त्यांच्या पॅन कार्डावरच्या आणि आधारवरच्या नावाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये शेवटच्या एका अक्षराचा फरक होता. इतक्या वर्षांत कुणालाही तो खटकला नव्हता. पॅनमध्ये दुरुस्तीचा अर्ज ऑनलाइन केला, शंभर रुपयांच्या आसपास फी लागली, नवं कार्ड यायला अठरा दिवस गेले. मग पुन्हा आधारवरून केवायसी केलं. अप्पांनी मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर सरळ बसून पडद्यावरचे आकडे वर्गात पाढे म्हणावेत तसे मोठ्याने वाचले. 27 फेब्रुवारीला KYC Validated दिसलं. हा शब्द दिसला की दुसऱ्या कुठल्याही फंडासाठी केवायसी पुन्हा करावं लागत नाही. त्याऐवजी KYC Registered दिसलं, तर ज्या फंडात आधीपासून पैसे आहेत तिथे अडत नाही, पण नव्या फंड कंपनीकडे गेलात की पुन्हा करावं लागतं. ठेवीची मुदत संपायच्या निदान दोन महिने आधी पॅन, आधार आणि बँकेतलं नाव समोरासमोर ठेवून एकेक अक्षर वाचा, हे मी प्रत्येकाला सांगते.

मधल्या काळात फंड निवडले. मी फार खोलात गेले नाही. एक निफ्टी 50 चा इंडेक्स फंड घेतला, ज्यात देशातल्या पन्नास मोठ्या कंपन्या आपोआप येतात. दुसरा अ‍ॅग्रेसिव्ह हायब्रिड, ज्यात 65 ते 80 टक्के शेअर्स आणि बाकीचे रोखे असतात, त्यामुळे तो पडतो पण थोडा कमी. दोन्हीत निम्मे निम्मे. दोन्ही एकाच फंड कंपनीचे घेतले, त्याला कारण आहे. अप्पांना एकरकमी नको होतं. म्हणून चार लाख आधी लिक्विड फंडात, म्हणजे अगदी थोड्या मुदतीच्या रोख्यांच्या फंडात, ठेवायचे आणि तिथून दर महिन्याला चाळीस हजार पुढे सरकवायचे असं ठरलं. याला एसटीपी म्हणतात, आणि ती एका फंड कंपनीच्या आतल्या आतच चालते. ही गोष्ट मला उशिरा कळली आणि आधी निवडलेली जोडी बदलावी लागली.

हप्त्यांनी घातल्याने जास्त पैसे मिळतात असं मात्र नाही. बाजार बहुतेक वर्षी वर जातो, त्यामुळे सरासरीने एकरकमी घालणंच पुढे राहतं. हप्ते हे अप्पांच्या झोपेसाठी होते, आणि तेवढी किंमत मला मान्य होती.

6 मार्चला बँकेत गेलो. हे विसरू नका: बऱ्याच ठेवींवर आपोआप नूतनीकरणाची सूचना असते. अप्पांच्या पावतीच्या मागेही तसा शिक्का होता. आम्ही गेलो नसतो तर 10 तारखेला चार लाख पुन्हा दोन वर्षांसाठी अडकले असते आणि मोडताना दंड बसला असता. पैसे बचत खात्यात जमा करण्याचा अर्ज दिला, पोच घेतली. तिथल्या साहेबांनी आम्हाला बसवून चहा दिला आणि "फंडच हवा ना, मग आमच्याकडेच आहे" म्हणत एक माहितीपत्रक पुढे केलं. अप्पा जवळजवळ हो म्हणणार होते. मी पत्रक उलटून बघितलं. आत 'विमा रक्कम' होती, पाच वर्षं हप्ता भरायचा होता आणि पाच वर्षं पैसे काढता येत नव्हते. 'विमा रक्कम' किंवा 'दरवर्षी हप्ता' हे शब्द दिसले की तो फंड नव्हे, फंडाला जोडलेली विमा पॉलिसी असते. आम्ही चहा संपवून उठलो.

संयुक्त नावाचं खातं मी बघितलेल्या मोबाइल अ‍ॅपवर उघडता येईना, म्हणून 13 मार्चला तासगावहून एसटीने सांगलीला गेलो आणि फंडाच्या सेवा केंद्रात कागदी अर्ज दिला. दोघांची केवायसी, दोघांच्या सह्या, वारसदार म्हणून दादा आणि मी, शिवाय रद्द केलेला धनादेश. चार दिवसांनी अर्ज परत आला. धनादेशावर अप्पांचं नाव छापलेलं नव्हतं, पुस्तक जुनं होतं. नाव छापलेलं नसेल तर बँकेने शिक्का मारून दिलेली पासबुकची प्रत जोडावी लागते. 20 मार्चला पुन्हा सांगली. पैसे पहिल्या नावाच्या माणसाच्याच खात्यातून जावे लागतात, मी पुण्याहून पाठवले असते तर चालले नसते.

अर्जावर 'डायरेक्ट' असं स्पष्ट लिहिलं. मध्ये वितरक नसला की त्याचं कमिशन फंडाच्या खर्चात धरलं जात नाही. हायब्रिड फंडाच्या डायरेक्ट आणि वितरकामार्फतच्या प्रकारांतल्या खर्चाचा फरक आम्ही बघितला तेव्हा वर्षाला पाऊण टक्क्याच्या आसपास होता, म्हणजे दोन लाखांवर दीड हजार, दरवर्षी. पण घरात फॉर्म भरणारं आणि पडझडीत फोन उचलणारं कुणी नसेल, तर चांगल्या वितरकाला ते पैसे देण्यात काही वावगं नाही.

25 मार्चला लिक्विड फंडाची युनिटं मिळाल्याचा संदेश आला. अप्पांनी वहीत नवं पान काढलं: तारीख, युनिटं, एका युनिटची किंमत. 3 एप्रिलला पहिला हप्ता गेला, वीस हजार इंडेक्स फंडात आणि वीस हजार हायब्रिडमध्ये.

आणि 7 एप्रिलला, सोमवारी, बाजार कोसळला. अमेरिकेच्या आयातशुल्काच्या घोषणेनंतर जगभर विक्री सुरू झाली होती. 3 तारखेला 23,250 वर बंद झालेला निफ्टी त्या दिवशी 22,161 वर बंद झाला. इंडेक्स फंडातले वीस हजार चार दिवसांत एकोणीस हजारांवर आले. मी ऑफिसात होते आणि मला पोटात कालवल्यासारखं झालं. बाजार चढला काय, पडला काय, पत्र मी लिहिलं होतं. संध्याकाळी अप्पांचा फोन आला.

"साडेनऊशे गेले बघ. दुसऱ्यात थोडे कमी गेलेत."

"हो अप्पा."

"तू पत्रात लिहिलेलंस त्याच्या मानाने काहीच नाही." मग थोडं थांबून, "पुढचा हप्ता 3 मेला ना? त्या दिवशी शनिवार आहे. मग कधी जाणार?"

सुट्टी आली की हप्ता पुढच्या कामकाजाच्या दिवशी जातो, म्हणजे सोमवारी 5 तारखेला. ते त्यांनी वहीत लिहून घेतलं. आंबेडकर जयंतीच्या सुट्टीनंतर 15 एप्रिलला निफ्टी 3 तारखेच्या वर बंद झाला, त्या दिवशी मात्र त्यांनी फोन केला नाही. पत्रात परताव्याची दोन पानं ठेवली असती आणि 2008 चा परिच्छेद गाळला असता, तर 7 एप्रिलचा फोन वेगळा झाला असता असं मला अजून वाटतं.

हे लिहिताना ऑक्टोबर 2025 आहे. सात हप्ते झाले, दोन लाख ऐंशी हजार पुढे सरकले. काढायची वेळ आली तर लक्षात ठेवायच्या दोन गोष्टी अप्पांनी पानाच्या वरच लिहून ठेवल्यात. हायब्रिडमधून वर्षाच्या आत काढलं तर एक टक्का कापतात, आणि वर्ष प्रत्येक हप्त्याचं वेगळं मोजतात. वर्षानंतर काढलं तर एका आर्थिक वर्षातला सव्वा लाखापर्यंतचा नफा करमुक्त असतो, त्याहून जास्तीच्या नफ्यावर साडेबारा टक्के कर लागतो. या नफ्यावरच्या कराला पगार-व्याजासारखी सूट लागू होत नाही, म्हणून एका वर्षात सगळं काढायचं नाही.

पत्राचा एक परिणाम मी अपेक्षिला नव्हता. वाटे करताना मी ओझरतं लिहिलं होतं की बँक बुडाली तर एका बँकेत एका ठेवीदाराचे व्याजासह पाच लाखच विम्याने सुरक्षित असतात, आणि पतसंस्थेतल्या ठेवीला तो विमाच नसतो. अप्पांनी जूनमध्ये पतसंस्थेतले तीन लाख मुदत संपताच काढले आणि तिसऱ्या एका बँकेत ठेवले. मला नंतर सांगितलं.

गेल्या आठवड्यात घरी गेले तेव्हा वही उघडी होती. नोव्हेंबरच्या दोन लाखांच्या ठेवीपुढे 'नूतनीकरण नको, अर्ज दिला' असं लिहून पोच टाचली होती. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी ते जून या काळात रेपो दर साडेसहावरून साडेपाचवर आणला, त्यामुळे ती ठेव पुन्हा केली असती तरी सव्वासात टक्के मिळाले नसते, हेही त्यांनी शेजारी नोंदवलं होतं. मी पत्रात केलेल्या तीन वाट्यांना त्यांनी नावं दिली आहेत. पहिल्याला 'दवाखाना', दुसऱ्याला 'कार्य व घर'. तिसऱ्याच्या वर आईचं नाव आहे, आणि त्या रकान्यातली ऑक्टोबरची नोंद आईच्या अक्षरात आहे.